‘मातोश्रींना देवाज्ञा झाली’ हे अरबीत कसे कळवावे?

प्रश्न: “आमच्या कंपनीतल्या कैरोच्या इंजिनिअर सहकाऱ्याच्या आई परवा वारल्या. कुटुंब मुस्लीम आहे. नागपूर ऑफिसतर्फे मी मराठीत लिहिलेला मजकूर असा: ‘क्रूर नियतीने आपल्या मातोश्रींना अकाली हिरावून नेले. ही पोकळी कधीही भरून निघणार नाही. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती व सद्गती देवो. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. भावपूर्ण श्रद्धांजली.’ याचे आदरयुक्त अरबी कसे करावे? अरबी लिपीत उतरवून द्यायला मोमिनपुऱ्यातले उर्दूचे एक सर तयार आहेत.”

उत्तर: मजकूर मनापासून लिहिलेला आहे आणि मराठीत त्यात काही वावगे नाही. पण ओळीला ओळ लावून तो अरबीत नेऊ नका. पाचपैकी एकच वाक्य जसेच्या तसे नेता येते. बाकीच्यांची जागा अरबीतल्या ठरलेल्या वाक्यांना द्यावी लागेल. आपल्याकडच्या निधनवार्तेत ‘त्यांच्या मागे बराच मोठा आप्तपरिवार आहे’ आणि ‘अंत्ययात्रा अंबाझरी घाटावर जाईल’ ही वाक्ये ठरलेली असतात आणि ती तशीच यावीत अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते. अरबी सांत्वनपत्राचेही तसेच आहे. तिथे नवी कल्पना सुचवण्यापेक्षा रूढ वाक्य नेमकेपणाने लिहिणे हाच आदर समजला जातो.

आधी पहिले वाक्य, कारण सगळ्यात मोठी अडचण तिथे आहे. ‘क्रूर नियती’, ‘काळाने घाला घातला’ हे आपण सहज लिहितो. काळाला दोष देऊन आपण देवाला त्यातून बाजूला ठेवतो. मुस्लीम वाचकाला हे खटकते. ‘काळाला शिव्या देऊ नका’ अशी हदीस प्रसिद्ध आहे आणि तिचे कारण असे दिले जाते की काळ फिरवणारा अल्लाहच आहे. ‘क्रूर नियती’चे शब्दशः अरबी केले तर आई गेलेल्या घरी तुमच्या पत्रातून देवावरच ठपका ठेवल्यासारखे होईल. ‘अकाली’चीही तीच गोष्ट. प्रत्येकाचा ‘अजल’, म्हणजे ठरलेला क्षण, आधीच लिहिलेला असतो असे मानणाऱ्या घरात मरण वेळेआधी येत नाही. हे वाक्य पूर्ण काढा. त्याच्या जागी बातमी मिळाल्याचे दुःख सांगणारे वाक्य येते: ‘तलक्कैना बि-बालिगिल् हुझ्नि वल्-असा नबअ वफाति वालिदतिकुम’. अर्थ: आपल्या मातोश्रींच्या निधनाची वार्ता आम्हाला अतीव दुःखाने मिळाली.

यात दोन शब्द नीट पाहून घ्या. आईसाठी अरबीत ‘उम्म’ आहे आणि ‘वालिदा’ही आहे. घरात, बोलण्यात ‘उम्म’; पत्रात दुसऱ्याच्या आईबद्दल लिहिताना ‘वालिदा’. आपल्या ‘आई’ आणि ‘मातोश्री’ या जोडीशी हे इतके जुळते की तुमचा ‘मातोश्री’ हा शब्द अगदी योग्य जागी बसतो. त्यांचे नाव लिहायची गरज नाही, नुसते ‘वालिदतुकुम’ पुरते आणि सभ्यही दिसते. शेवटचे ‘-कुम’ हे अनेकवचनी ‘तुमचे’. एका माणसालाही औपचारिक पत्रात तेच लावतात, जसे आपण एकाच माणसाला ‘आपण’ म्हणतो.

दुसरा शब्द ‘वफात’. इथे मोमिनपुऱ्याच्या सरांना आधीच सांगून ठेवा. त्यांच्या हातून सहज ‘इंतिकाल’ लिहिले जाईल, कारण उर्दूत आणि आपल्या नागपुरी हिंदीतही ‘इंतकाल झाला’ म्हणजे वारले. शब्द मूळचा अरबीच आहे, पण अरबीत एकटा ‘इंतिकाल’ म्हणजे फक्त स्थलांतर, एका जागेहून दुसरीकडे जाणे. ‘आपल्या मातोश्रींच्या इंतिकालाची बातमी’ असे लिहिले तर कैरोतला माणूस क्षणभर समजेल की आई दुसऱ्या घरी राहायला गेल्या. मरणाचा अर्थ येण्यासाठी पूर्ण वाक्प्रचार लागतो: ‘इंतकलत इला रह्मतिल्लाह’, ती अल्लाहच्या दयेकडे गेली. आपल्या ‘देवाज्ञा झाली’च्या जवळचे हेच वाक्य आहे आणि ते वापरायलाही हरकत नाही. ‘मातत’ (ती मेली) मात्र लिहू नये. क्रियापदच हवे असेल तर ‘तुवुफ्फियत’. हे कर्मणी रूप आहे, म्हणजे ‘तिला परत घेतले गेले’. घेणारा कोण, ते न सांगता कळते.

‘ही पोकळी भरून निघणार नाही’ हे गाळा. चूक नाही, पण कंपनीच्या पत्रात ते आई गेलेल्याला धीर देत नाही.

आता ‘मृतात्म्यास चिरशांती व सद्गती’. सद्गतीमागे पुढच्या गतीची, जन्मांच्या साखळीची कल्पना आहे, ती त्यांच्या श्रद्धेत नाही. चिरशांतीचे शब्दशः अरबी केले की ते परक्या भाषेतून उचलल्यासारखे वाटते. मुस्लीम घरात मृतासाठी शांती मागत नाहीत, दया आणि क्षमा मागतात. त्यासाठीचे वाक्य सुंदर आहे: ‘नस्अलुल्लाह अन् यतगम्मदहा बि-वासिइ रह्मतिह, व युस्किनहा फसीह जन्नातिह’. ‘यतगम्मद’च्या मुळाशी ‘गिम्द’ म्हणजे म्यान आहे. तलवार म्यानात जशी सर्व बाजूंनी झाकली जाते, तसे अल्लाहने त्यांना आपल्या विशाल दयेत झाकून घ्यावे आणि आपल्या प्रशस्त स्वर्गात जागा द्यावी, असा अर्थ.

याच वाक्यात सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या घडतात एका अक्षरामुळे. तयार नमुने बहुतेक पुरुषांसाठी लिहिलेले असतात: ‘यतगम्मदहु’, ‘युस्किनहु’. शेवटचा ‘हु’ म्हणजे ‘त्याला’. आई असेल तर दोन्ही जागी ‘हा’ हवा. पण ‘रह्मतिह’ आणि ‘जन्नातिह’ यांतला ‘ह’ अल्लाहचा आहे, तो बदलायचा नाही. घाईत सगळेच बदलले तर ‘तिच्या दयेत’, ‘तिच्या स्वर्गात’ असे भलतेच होते. सरांनी लिहून दिल्यावर या चार जागा बोट ठेवून तपासा. अरबी येत नसले तरी जमते: ‘हा’मध्ये शेवटी सरळ उभा अलिफ असतो, ‘हु’ आणि ‘हि’मध्ये नसतो. पहिल्या दोन शब्दांत अलिफ दिसला पाहिजे, पुढच्या दोनांत दिसता कामा नये.

‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’ हे तुमचे वाक्य मात्र जसेच्या तसे जाते, आणि अरबीत ते आपल्यापेक्षाही नेमके आहे: ‘नुशातिरुकुम अह्झानकुम’. ‘शत्र’ म्हणजे अर्धा भाग. म्हणजे तुमच्या दुःखाचा अर्धा वाटा आम्ही उचलतो. ‘सहभागी’ मधला ‘भाग’ इथे अगदी मोजून दिलेला आहे. म्हणून हे वाक्य मी शेवटी न ठेवता बातमीच्या लगेच खाली आणले आहे.

‘भावपूर्ण श्रद्धांजली’ला अरबी प्रतिशब्द शोधू नका. ओंजळ वाहण्याची ती कल्पना आपली आहे. तिच्या जागी इजिप्तमध्ये सर्वांत रूढ असलेले दोन शब्द लिहा: ‘अल्-बका लिल्लाह’, टिकून राहणे फक्त अल्लाहचे. आखाती देशांतले कुटुंब असते तर ‘अझ्झमल्लाहु अज्रकुम’ (अल्लाह तुमचे पुण्य वाढवो) सुचवले असते. कुराणातली ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ ही आयत (२:१५६) अनेक जण घालतात. माझे मत, ऑफिसच्या पत्रात ती नको. ‘आम्ही अल्लाहचे आहोत’ हे ‘आम्ही’ त्यांच्या माणसांनी म्हणायचे आहे, शिवाय आयतीत लेखनाची चूक झाली तर ती फार बोचते.

पूर्ण मजकूर असा होतो. मराठी प्रत सरांना द्या, म्हणजे अर्थावर एकमत राहील:

“आदरणीय इंजिनिअर साहेब व कुटुंबीय, आपल्या मातोश्रींच्या निधनाची वार्ता कळून आम्हाला अतीव दुःख झाले. या दुःखात आम्ही आपले भागीदार आहोत आणि मनःपूर्वक सांत्वन व्यक्त करतो. अल्लाहने त्यांना आपल्या विशाल दयेत घ्यावे, आपल्या प्रशस्त स्वर्गात स्थान द्यावे आणि आपणा सर्वांना धीर व समाधान द्यावे. टिकून राहणे फक्त अल्लाहचे. यापुढे आपल्या कोणा प्रियजनाबाबत तो आपल्याला काही अशुभ न दाखवो. आपले नागपूरचे सहकारी.”

“अस्-सय्यिद अल्-मुहंदिस (नाव) अल्-मुह्तरम व उस्रतुहुल् करीमा. तलक्कैना बि-बालिगिल् हुझ्नि वल्-असा नबअ वफाति वालिदतिकुम. नुशातिरुकुम अह्झानकुम, व नतकद्दमु इलैकुम बि-खालिसिल् अझा व सादिकिल् मुवासात. नस्अलुल्लाह अन् यतगम्मदहा बि-वासिइ रह्मतिह, व युस्किनहा फसीह जन्नातिह, व अन् युल्हिमकुमुस् सब्र वस्-सुलवान. अल्-बका लिल्लाह. व ला अराकुमुल्लाहु मक्रूहन् फी अझीझिन् लदैकुम. झुमलाउकुम फी नाग्पूर.”

शेवटून दुसऱ्या वाक्यावर कोणी शंका घेईल, म्हणून आधीच सांगतो. ‘ला अराकुम’ यातले ‘अरा’ हे भूतकाळाचे रूप आहे, ‘दाखवले’ असे. थोडे अरबी शिकलेला माणूस म्हणेल की हे चुकले, ‘दाखवले नाही’ असा अर्थ होतो. चुकलेले नाही. अरबीत आशीर्वाद आणि प्रार्थना भूतकाळाच्या रूपात करण्याची जुनी रीत आहे. ‘रहिमहल्लाह’चा शब्दशः अर्थ ‘अल्लाहने दया केली’, पण म्हणायचे असते ‘दया करो’. मराठीत त्यासाठी ‘देवो’, ‘करो’, ‘लाभो’ अशी वेगळी ओकारान्त रूपे आहेत, म्हणून आपल्याला ते विचित्र वाटते. हे रूप तसेच राहू द्या.

‘नागपूर’ लिहिताना सर अडतील, कारण अरबीत ‘प’ नाही आणि ‘ग’लाही स्वतंत्र अक्षर नाही. ‘प’च्या जागी ‘ब’ येतो. ‘ग’साठी, कुटुंब कैरोचे असल्यामुळे, ‘जीम’ हे अक्षर चालते. कैरोत त्याचा उच्चार ‘ग’च होतो. त्यामुळे ते ‘नागबूर’ वाचतील. दुसऱ्या अरबी देशात हेच अक्षर ‘नाजबूर’ वाचले गेले असते.

कुटुंब मुस्लीम असल्याचे तुम्ही लिहिलेत, ते बरे केलेत. इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिश्चनही पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे ‘अर्-रब्ब युनय्यिह नफ्सहा’ म्हणतात, प्रभू तिच्या आत्म्याला विसावा देवो. म्हणजे तुमची ‘मृतात्म्यास शांती’ तिथे बऱ्यापैकी जुळली असती. ‘अल्-बका लिल्लाह’ मात्र दोन्हीकडे चालते.

पत्र आजच पाठवा. आपल्याकडे तेरवीपर्यंत भेटायला जाता येते, त्यांच्याकडे सांत्वनाचे दिवस साधारण तीन मानतात. ते टळले तरी दूरच्या माणसाने उशिरा कळवलेले चालते, पण परवाची घटना आहे तर अजून वेळ हातात आहे. उत्तरात ‘व निअम बिल्लाह’ किंवा ‘शकरल्लाहु सअयकुम’ (तुमच्या तसदीची अल्लाह कदर करो) असे आले की त्यांनी पत्र स्वीकारले असे समजा. त्यावर पुन्हा काही लिहायची गरज नसते.