मोठा ब्लॉक आला की टक्केवारी फसवते

समज, तुझी खरेदीची ऑर्डर ६०,००० शेअर्सची आहे, ती अल्गो म्हणजे आपोआप ऑर्डर टाकणारा प्रोग्राम तुकड्यातुकड्यानं पुरी करतोय, आणि मर्यादा बाजारातल्या एकूण व्हॉल्यूमच्या १० टक्के. म्हणजे ती पुरी व्हायला तुझे धरून बाजारात ६ लाखांचे व्यवहार व्हावे लागतील. आधी हे बघ: तेवढा व्हॉल्यूम दिवसात होत नसेल, तर ऑर्डर उरणारच. शेवटच्या अर्ध्या तासात मर्यादा वाढवून ती संपवायला जाऊ नकोस, भाव तिथेच हलतो.

खरा घात वेगळाच होतो. समज, दर पाच मिनिटांना २०,००० शेअर्स फिरतात, तुझे त्यात २,०००. मध्येच दोघांनी आपसात ठरवलेला ३ लाखांचा ब्लॉक नोंदला जातो. अल्गोला वाटतं आपण ३०,००० नं मागे पडलो, आणि तो धडाधड खरेदी करत सुटतो. पण समोर विक्रीला असतात जेमतेम चार हजार! माझी एक ऑर्डर अशीच गेली, अजून सलतं.

म्हणून ब्लॉकचा व्हॉल्यूम हिशेबातून वगळ, आणि पाच मिनिटांच्या प्रत्येक तुकड्याला शेअर्सच्या संख्येचीही मर्यादा घाल, इथे ३,००० पुरे. राहिलेला वाटा पुढच्या तुकड्यात ढकलू नकोस.