हर्मिट आणि एट ऑफ कप्स एकत्र आले तर नवरा दुरावतोय की त्याला एकांत हवाय?

"महिनाभर नवरा घरात असून नसल्यासारखा आहे. जेवणं होतात, कामापुरतं बोलणं होतं, बाकी शांतता. रविवारी एकटाच गडावर जातो. विचारायचा धीर होत नाही म्हणून टॅरोच्या रायडर-वेट डेकवर तीन कार्डं काढली. डावीकडून मी, तो, आमचं नातं: टू ऑफ सोर्ड्स, हर्मिट, एट ऑफ कप्स. सगळी सरळ. तो मला सोडून चाललाय की त्याला फक्त शांतता हवी आहे?"

तुमच्या मांडणीत मला 'सोडून चाललाय' दिसत नाही. पण 'फक्त शांतता हवी आहे' म्हणून निश्चिंत व्हावं असंही दिसत नाही. त्याच्या जागेवर हर्मिट आलाय आणि एट ऑफ कप्स नात्याच्या जागेवर. उत्तर ह्या जागांमध्येच आहे. ही जोडी आली की लोक दोन्ही कार्डांची बेरीज करून टाकतात: एकटा म्हातारा, त्यात पाठ फिरवून निघालेला माणूस, म्हणजे झालंच. मी हे असं वाचत नाही. का, ते सांगते.

दोन्ही कार्डं शेजारी ठेवून आधी नुसती बघा. हा डेक १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. दोन्हीकडे अंगावर झगा, हातात काठी आणि आसपास डोंगर आहेत, म्हणून ती एकाच गोष्टीचे दोन भाग वाटतात. पण हर्मिट चालत नाहीये. तो शिखरावर पोचलाय, बर्फात उभा आहे, मान खाली आहे आणि हातातला कंदील त्याने पुढे धरलाय. कंदिलात सहा टोकांची चांदणी आहे. एट ऑफ कप्समधला माणूस चालतोय, आपल्याला त्याची फक्त पाठ दिसते, आणि त्याच्याकडे दिवा नाही. वर चंद्र आहे तेवढाच.

माझ्यासाठी सगळा फरक त्या दिव्याचा आहे. हर्मिट एकटा असतो, पण कुठे आहे ते लांबून कळतं. वेटने ह्या डेकवरच्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की हा दिवा 'मी आहे तिथे तुम्हीही येऊ शकता' असं सुचवतो, आणि हे कार्ड शोधापेक्षा प्राप्तीचं आहे. स्वतःला जपण्यासाठी जगापासून तुटून राहणं, असा ह्या कार्डाचा अर्थ लावणं त्याने चूक ठरवलंय. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात, भविष्य सांगण्यापुरत्या अर्थांच्या यादीत, त्याने हर्मिटपुढे सावधपणाबरोबर दगा आणि ढोंग हे अर्थही दिलेत. तेवढेच दोन शब्द कुठे वाचून घाबरला असाल, तर वर्णनाचा भागही वाचा. मी चित्रावर आणि वर्णनावर जास्त विसंबते.

आता एट ऑफ कप्स. पेले मोजा: खाली पाच, वर तीन, आणि वरच्या ओळीत एक फट. एकही पेला आडवा नाही. फाइव्ह ऑफ कप्समध्ये तीन पेले सांडलेले आहेत. तिथे काहीतरी घडलंय, नुकसान झालंय, त्याचं दुःख चाललंय. आठच्या कार्डात असं काही नाही. सगळं नीट रचलेलं आहे, तरी माणूस निघालाय, कारण ती फट त्याला बोचते. म्हणून मी हे कार्ड भांडणाचं किंवा फसवणुकीचं समजत नाही. जे होतं ते आता पुरेसं वाटत नाही, एवढंच ते सांगतं. वेटही म्हणतो की प्रत्यक्षात हे कार्ड एखादी गोष्ट ओसरत चालल्याचं दाखवतं, किंवा जी मोठी वाटत होती ती तेवढी मोठी नव्हती असं दाखवतं.

हे कार्ड त्याच्या जागी आलं असतं तर मी जास्त गंभीर झाले असते. पण तिथेही पहिला प्रश्न 'तो कशापासून दूर चाललाय' हा असतो. ते पेले म्हणजे तुम्हीच, असं कार्डात लिहिलेलं नाही. माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या मांडणीत नवऱ्याच्या जागी हेच कार्ड होतं आणि नात्याच्या जागी हर्मिट. त्यांची खात्री झाली होती की संसार मोडला. पुढे बोलणं झालं तेव्हा कळलं की तो मित्राबरोबरच्या धंद्यातून बाहेर पडायचं ठरवत होता आणि घरी कसं सांगावं ते त्याला सुचत नव्हतं. दरवेळी असंच निघेल असं नाही. पण पेल्यांवर आधीच स्वतःचं नाव घालून बसू नका.

तुमच्याकडे आठचं कार्ड नात्याच्या जागी आहे, म्हणजे निघून जाण्याची क्रिया एकट्या नवऱ्याच्या खात्यावर पडत नाही. तुमच्या दोघांमध्ये आजवर जी घडी बसली होती ती मागे पडतेय, असं मी वाचेन. जेवणं होतात, कामाचं बोलणं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. ते नीट रचलेले पेले आहेत. फट कुठे आहे ते मला इथून दिसणार नाही, तुम्हाला थोडंफार दिसत असेल.

एक बारीक गोष्ट. ह्या डेकमध्ये हर्मिटचं तोंड आणि कंदील आपल्या डाव्या बाजूला असतात. तुमच्या मांडणीत त्याच्या डावीकडे तुमचं कार्ड आहे आणि उजवीकडे, म्हणजे त्याच्या पाठीमागे, एट ऑफ कप्स. उजेड तुमच्याकडे पडतोय. आणि तुमच्या कार्डातली बाई डोळ्यांवर पट्टी बांधून, छातीशी दोन तलवारी धरून बसलीये! नजर कुठे आहे ते बघून वाचणं ही आम्हा वाचणाऱ्यांची सवय आहे, वेटचा नियम नव्हे. तरी मी हे सोडून देणार नाही, कारण 'विचारायचा धीर होत नाही' हे तुम्हीच लिहिलंय. टू ऑफ सोर्ड्स नेमकं तेच आहे: कळलं तर सहन होणार नाही, म्हणून न बघणं. तिन्ही कार्डांत मला सगळ्यात बोलकं तेच वाटतं, आणि तुम्ही त्याबद्दल काहीच विचारलेलं नाही.

ज्योतिषाची आवड असेल तर आणखी एक धागा आहे. गोल्डन डॉन ह्या इंग्रजी गूढपंथाने कार्डांना राशी दिल्या, त्यात हर्मिट कन्येचा आणि एट ऑफ कप्स मीनेतल्या शनीचं. कन्या आणि मीन समसप्तकात, म्हणजे बरोबर समोरासमोर. एकीकडे स्वतःला तपासत बसणं, दुसरीकडे भावनेचा ओलावा आटत जाणं. ही जोडी एकाच रस्त्यावरची दोन पावलं नसून आमनेसामने उभी आहे, ह्या माझ्या वाचनाला ते पूरक आहे. मात्र शनी म्हटल्यावर साडेसाती मोजायला बसू नका. ती त्या पंथाची वेगळी पद्धत आहे, तुमच्या पत्रिकेशी तिचा संबंध नाही.

आता कार्डं बाजूला ठेवून जे तपासता येतं ते बघा, कारण दुसऱ्याच्या मनातलं कार्डांवरून पक्कं सांगता येतं असं मी मानत नाही. एकांत हवा असलेला माणूस दिवा ठेवून जातो. कुठल्या गडावर चाललोय, किती वाजता उतरेन, हे तो न विचारता सांगतो. वर रेंज मिळाली की फोटो टाकतो. परत आल्यावर बोलका नसला तरी हलका दिसतो, चहा घेताना दोन वाक्यं जास्त बोलतो. मुख्य म्हणजे पुढच्या गोष्टींत तुम्ही असता: दिवाळीत कोणाकडे जायचं, गॅलरीची गळती पावसाआधी काढायची. दुरावणारा माणूस आधी ह्या पुढच्या बोलण्यातून गळतो. 'बघू', 'तू ठरव' एवढंच येतं, आणि कुठे होतो हे विचारल्यावर चिडचिड होते. आल्यावरही तो परत आल्यासारखा वाटत नाही. एखाद्या रविवारवरून ठरवू नका, पण दोनतीन आठवडे असंच दिसलं तर ते कुठल्याही कार्डापेक्षा खरं धरा.

ह्या दोन्हींत न बसणारंही काही असू शकतं. झोप उडालीये, जेवण कमी झालंय, पूर्वी आवडायचं ते आता नको वाटतं, असं असेल तर तो ना हर्मिट ना आठ पेले. नैराश्याची ही लक्षणं असतात आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जायचं. गडावर उत्साहाने जात असेल तर ही शंका थोडी कमी होते, पूर्ण जात नाही.

आणखी एक करू नका: ह्याच प्रश्नावर रोज कार्डं काढणं. एट ऑफ कप्स आवडलं नाही म्हणून त्यावर क्लॅरिफायर, म्हणजे खुलाशासाठी जादा कार्ड, तो पटला नाही म्हणून आणखी एक, असं करत गेलात की सहाव्या कार्डापर्यंत हवं ते उत्तर मिळतंच. ह्या मांडणीवर काढायचंच असेल तर एकच कार्ड काढा, आणि तेही तुमच्या टू ऑफ सोर्ड्सवर: 'मी काय बघायचं टाळतेय?' त्याच्या मनात डोकावण्यासाठी नको. फोर ऑफ सोर्ड्स आलं तर बोलण्याआधी तुम्हालाच जरा थांबून दम घेण्याची गरज आहे. पेज ऑफ कप्स आलं तर पहिला शब्द तुमच्याकडून जायचाय. थ्री ऑफ सोर्ड्स आलं तर आधीची एखादी जखम आहे, जिच्याबद्दल तुम्ही दोघंही गप्प आहात.

बोलताना 'तू मला टाळतोयस का' असं विचारू नका. त्यावर 'नाही' एवढंच उत्तर येणार. शनिवारी रात्री, तो बॅग भरत असताना, विचारा: 'उद्या कुठे चाललायस? एखाद्या रविवारी मी आले तर चालेल का?' त्याने 'ये' म्हटलं, किंवा 'आत्ता नको, मला थोडं एकटं राहायचंय, पुढच्या महिन्यात जाऊ' म्हटलं, तर दोन्ही हर्मिटचीच उत्तरं आहेत. दुसऱ्यात नकार असला तरी कधी ते सांगितलंय. नुसतं खांदे उडवून विषय बदलला, तर त्याच आठवड्यात समोर बसून, कार्डांचा उल्लेख न करता, सरळ विचारा की आपल्यात काय कमी पडतंय.