रिपोर्ट स्वतःच करत बसणारी नवी मॅनेजर

*"आमच्यातली सगळ्यात हुशार मुलगी नुकतीच मॅनेजर झाली. पण अजून सगळं स्वतःच करते, रात्री उशिरापर्यंत बसते. काम सोपव म्हटलं की म्हणते, समजावत बसण्यापेक्षा मीच पटकन करते. तिला कसं शिकवू?"*

पहिल्या खेपेला तिचं म्हणणं बरोबरच असतं, त्यामुळे त्यावर वाद घालू नका. दर महिन्याला येणारं एखादं काम निवडा, म्हणजे समजावण्यात गेलेला वेळ दोन-तीन महिन्यांत वसूल होतो. समजा, मासिक विक्रीचा रिपोर्ट.

सोपवण्याआधी तिला काय हवंय ते लिहून काढायला सांगा. "रिपोर्ट नीट कर" एवढ्याने भागत नाही. "4 तारखेला संध्याकाळी दोन पानं तयार हवीत, आकडे अकाउंट्सशी जुळलेले हवेत, मागच्या महिन्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तिथे एका ओळीत कारण हवं." तक्ते कसे मांडायचे ते करणाऱ्याने ठरवावं. आकडे जुळत नसतील तर मात्र पुढे न जाता तिला विचारावं. ही शेवटची दोन वाक्यंही कागदावर हवीत, नाहीतर तो एकतर प्रत्येक गोष्ट विचारत राहतो किंवा काहीच विचारत नाही.

आढाव्याच्या वेळा काम देतानाच ठरवा. बहुतेक नवे मॅनेजर शेवटच्या दिवशी बघतात, चुका दिसतात आणि मग रात्री बसून स्वतःच सगळं पुन्हा करतात. पहिला आढावा एकाच विभागाचा मजकूर तयार झाला की घ्यावा. दिशा चुकली असेल तर तेव्हा अर्ध्या तासात सुधारता येते. दुसरा 3 तारखेला. दोन्ही वेळी आधी त्याला बोलू द्यायचं: काय झालं, कुठे अडलंय, पुढे काय करणार. मध्येच "कसं चाललंय?" असे मेसेज नकोत.

सगळ्यात अवघड नियम म्हणजे फाइलला तिने हात लावायचा नाही. फक्त शेरे लिहायचे, दुरुस्ती त्यानेच करायची. "पाठव, मी बघते" हे वाक्य ऐकू आलं की समजा, काम परत तिच्याकडे गेलं. रिपोर्ट तिच्यासारखा दिसत नसेल पण लिहिलेल्या अटी पाळल्या असतील, तर तो तसाच जाऊ द्यावा. अट मोडली असेल तर आधी बघा, ती लिहिली होती का? लिहिली नसेल तर पुढच्या महिन्याच्या कागदात घाला. लिहूनही जमलं नसेल तर त्याला ते शिकवावं लागेल, आणि तोवर आढावे थोडे जवळजवळ घ्यावेत.

सगळंच सोपवायचं नसतं. कामगिरीचं मूल्यमापन, पगाराच्या गोष्टी, दोघांमधली तक्रार हे तिच्याकडेच राहावं.

आणि थोडं तुमच्याबद्दल, कारण मला खरी गाठ बहुधा इथेच दिसते. तुम्ही फोन करून "त्या आकड्याचं काय झालं?" असं विचारता आणि उत्तर तिथल्या तिथे हवं असतं, असं होतंय का? मग प्रत्येक बारीकसारीक गोष्ट तिला तोंडपाठ ठेवावीच लागते, आणि त्यासाठी सगळं स्वतः करणं हाच तिला सुरक्षित मार्ग वाटतो. "हे कोण बघतंय?" असं विचारून पाहा. "त्याला विचारून संध्याकाळपर्यंत सांगते" असं ती म्हणाली, तर ते उत्तर पुरेसं माना.