सुनावणी न घेता ५६व्या वर्षी घरी बसवलं, ऑर्डर कोर्टात टिकेल का?

प्रश्न: माझे वडील राज्य शासनात उपअभियंता, वय ५६, नोकरी ३१ वर्षं. गेल्या आठवड्यात पेन्शन नियम १०(४) खाली 'लोकहितास्तव' निवृत्त केल्याची ऑर्डर आली, सोबत तीन महिन्यांचा पगार. ना नोटीस, ना सुनावणी. तीन वर्षांपासून एक विभागीय चौकशी नुसती पडून आहे. २००६चा एक वाईट शेरा सोडला तर सीआर म्हणजे गोपनीय अहवाल चांगले आहेत, २०१६ला प्रमोशनही झालं. ऑर्डर रद्द होऊ शकते का?

उत्तर:

मी वकील नाही. आस्थापना शाखेत आयुष्य गेलं आणि कुणाला सेवेत ठेवायचं, कुणाला नाही हे तपासायच्या, म्हणजे पुनर्विलोकनाच्या, फायली मीच पुटअप करायचो, त्यामुळे हे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितोय. कडू वाटेल पण आधी तेच सांगतो, "आम्हाला ऐकूनच घेतलं नाही" हा मुद्दा घेऊन गेलात तर पहिल्याच तारखेला हवा निघते. घरच्यांना सगळ्यात जास्त तोच अन्याय बोचतो आणि कोर्टात नेमका तोच चालत नाही. १९७०ला सुप्रीम कोर्टात जे. एन. सिन्हांची केस झाली, ते सर्व्हे ऑफ इंडियातले अधिकारी, त्यांना केंद्राच्या एफआर ५६(जे) या सक्तीच्या निवृत्तीच्या नियमाखाली घरी पाठवलं होतं आणि दिल्ली हायकोर्टाने सुनावणी दिली नाही म्हणून ऑर्डर उडवलीही होती. सुप्रीम कोर्टाने ती परत उभी केली. कारण असं दिलं की ही शिक्षा नाही, पेन्शन शाबूत राहते, कमावलेलं काही जात नाही, मग नैसर्गिक न्यायाचा प्रश्न येतोच कुठे. आपला १०(४) त्याच घराण्यातला. गट अ आणि ब मध्ये पस्तिशीच्या आत नोकरीला लागलेला असेल तर पन्नाशीनंतर कधीही, बाकीच्यांना पंचावन्ननंतर, तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार. तेव्हा वडिलांच्या ऑर्डरचा वरवरचा सांगाडा बरोबर आहे, त्यावर डोकं आपटू नका.

भांडण आहे ते फायलीत काय आहे यावर. ओडिशात बैकुंठनाथ दास म्हणून एक फार्मासिस्ट होते, १९५१ला कंपाउंडर म्हणून लागले, १९७६ला सक्तीने निवृत्त केले आणि त्यांच्या केसचा निकाल सुप्रीम कोर्टातून आला १९९२ला, म्हणजे सोळा वर्षांनी, आणि तोही विरोधात. त्यांचं म्हणणं होतं की मला न कळवलेले शेरे माझ्याविरुद्ध वापरले. कोर्ट म्हणालं, तेवढ्यावरून ऑर्डर रद्द होत नाही. आज कुठलाही वकील या विषयावर बोलायला लागला की याच निकालापासून सुरू करतो, कारण कोर्ट कुठे हात घालेल ते त्यात तीन ओळींत सांगितलंय, एक म्हणजे आकसाने केलेली ऑर्डर, दुसरं म्हणजे फायलीत पुरावाच नाही, आणि तिसरं म्हणजे जे साहित्य आहे त्यावरून कुठल्याही शहाण्या माणसाने असं मत बनवलंच नसतं. बस. तुमच्या वडिलांना ठेवायला हवं होतं की नको हे कोर्ट स्वतः ठरवत नाही, ते सरकारचं मत मानतं, फक्त ते मत कशावर उभं आहे हे बघतं.

पण त्याच निकालात तुमच्या कामाचं एक वाक्य आहे. पुनर्विलोकन समितीने सगळा रेकॉर्ड बघायचा, चांगले शेरेही आणि वाईटही, आणि शेवटच्या वर्षांना जास्त वजन द्यायचं. आमच्या एका ऑफिसात (नाव नको) एकाचा गोषवारा तयार झाला त्यात पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचे दोन खराब शेरे ठळक, आणि शेवटच्या पाच वर्षांचे रकाने नुसते "उपलब्ध नाहीत". ते सीआर आमच्याच कपाटात होते, कुणी काढलेच नव्हते. समितीने तोच कागद बघून सही केली, पुढे तो माणूस मॅटमध्ये, म्हणजे राज्य कर्मचाऱ्यांच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात गेला, मूळ फाईल मागवली गेली आणि सरकारी वकिलाला उत्तर देता येईना. कायद्याचा फार कीस काढावाच लागला नाही. म्हणून सांगतो, कोर्टाआधी माहिती अधिकारात अर्ज टाका आणि तीन गोष्टी मागा: पुनर्विलोकन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, समितीपुढे ठेवलेला गोषवारा, आणि वडिलांचे शेवटच्या दहा वर्षांचे गोपनीय अहवाल. अर्ज वडिलांच्याच नावाने करा, स्वतःचे सीआर मागणाऱ्याला गोपनीयतेचं कारण सांगणं अवघड जातं.

आता तुमच्या केसचे तुकडे करून बघू.

२००६चा शेरा: तो एकटाच धरला असेल आणि पुढचं सगळं सोडलं असेल तर ऑर्डर लंगडी आहे, इतक्या जुन्या शेऱ्यावर माणूस आज निरुपयोगी झाला असं म्हणणं कोर्टाला पटत नाही. पण तो शेरा कामाबद्दल आहे का सचोटीबद्दल, हे आधी बघा. उशिरा येणं, पत्रव्यवहार तुंबणं असलं काही असेल तर काळ ते पुसतो, 'सचोटी संशयास्पद' असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कोर्टं फार सावध असतात आणि जुना असला तरी तो शेरा चित्रातून पूर्ण जात नाही.

प्रमोशन: लोकांना वाटतं प्रमोशन झालं की मागचं सगळं धुतलं गेलं. अर्धं खरं. बैकुंठनाथ निकालात शब्द असे आहेत की वाईट शेरे असूनही बढती मिळाली तर त्या शेऱ्यांची नांगी मोडते, आणि ती बढती नुसत्या ज्येष्ठतेने नाही तर गुणवत्तेवर, निवडीने झालेली असेल तर जास्तच. २०२२ला सीआयएसएफच्या एका हेड कॉन्स्टेबलच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने परत बजावलंय की प्रमोशनने जुना रेकॉर्ड पुसला जात नाही, एकूण मूल्यमापनात तो बघता येतो. तेव्हा वडिलांची २०१६ची बढती कुठल्या पद्धतीने झाली तो आदेश काढून ठेवा, ज्येष्ठतेतून झाली असेल तर त्यावर फार भिस्त ठेवू नका, पण "शेऱ्यानंतर दहा वर्षांनी बढतीयोग्य, मग आता अचानक टाकाऊ कसे" हे विचारायला तो कागद लागतोच.

खरा मुद्दा माझ्या मते पडून असलेली चौकशी हा आहे. गुजरातच्या उमेदभाई पटेलांची केस (निकाल २००१) वकिलाला आवर्जून दाखवा. हे गृहस्थ १९८६ला निलंबित झाले, चौकशी सुरू होणार होती, सरकारने ती पुरीच केली नाही. पन्नाशीला आणि पंचावन्नला एफिशियन्सी बार म्हणजे कार्यक्षमतेची चाळणी पार केलेली, सीआरमध्ये एकही प्रतिकूल शेरा नाही, पुनर्विलोकन समितीने निवृत्त करा असं म्हटलेलंच नाही, आणि नोकरी उरली होती दोन वर्षांहून कमी. सुप्रीम कोर्टाने म्हटलं, चौकशी करणं जास्त योग्य असताना ती टाळायचा शॉर्टकट म्हणून ही ऑर्डर काढता येत नाही, आणि शिक्षा म्हणून तर नाहीच. २०२३ला आयकर खात्यातल्या कॅप्टन प्रमोद कुमार बजाज यांच्या बाबतीत हाच धागा पुढे गेला. ते जानेवारी २०२०ला एरवीच रिटायर होणार होते आणि सप्टेंबर २०१९ला एफआर ५६(जे) लावला, म्हणजे तीन-चार महिने आधी! इतक्या वर्षांत पुनर्विलोकन करून काढावंसं वाटलं नाही आणि शिस्तभंगाचं प्रकरण कोर्टकचेरीत अडकल्यावर वाटलं, कोर्टाने ती ऑर्डर शिक्षेच्या स्वरूपाची ठरवून रद्द केली.

म्हणून तारखांची एक पट्टी तयार करा. वडिलांचं पन्नाशीचं पुनर्विलोकन कधी झालं, त्यात 'सेवेत ठेवण्यास पात्र' असा निर्णय होता का, दोषारोपपत्र त्याच्या आधीचं का नंतरचं, चौकशी अधिकारी नेमला का, शेवटची सुनावणी कधी. पन्नाशीला पात्र, मग दोषारोपपत्र, मग तीन वर्षं काहीच हालचाल नाही, आणि मग १०(४), असा क्रम निघाला तर तुमच्या हातात उमेदभाईंसारखी केस आहे. पण नुसती चौकशी चालू आहे म्हणून ऑर्डर आपोआप बेकायदा ठरत नाही हेही लक्षात ठेवा. सीआरच शेवटची तीन-चार वर्षं घसरलेले असतील तर सरकार म्हणेल आम्ही चौकशीकडे बघितलंच नाही, सीआरकडे बघितलं, आणि ते चालून जाईल. ऑर्डरची भाषाही नीट वाचा. त्यात 'गैरव्यवहार', 'अमुक प्रकरणातील दोष' असा शब्द असेल तर तो कलंक झाला, मग ती शिक्षा ठरते आणि मग मात्र सुनावणीचा मुद्दा जिवंत होतो. शहाणे अधिकारी असलं काही लिहीत नाहीत, नुसतं 'लोकहितास्तव' लिहून मोकळे होतात, पण कोर्ट पडद्यामागची टिपणी मागवून बघू शकतं.

एक गोष्ट घरात कुणी सांगितली नसेल. निवृत्त केलं म्हणून ती चौकशी संपत नाही, पेन्शन नियम २७ खाली ती पुढे चालू राहू शकते आणि तोवर तात्पुरती पेन्शन मिळते, ग्रॅच्युइटी अडकते. त्यामुळे "जाऊ दे, दोन वर्षं आधी घरी आलो" म्हणून सोडायच्या आधी हे बघा.

जायचं कुठे, तर राज्य सरकारी कर्मचारी म्हणजे मॅट, मुंबई, नागपूर किंवा औरंगाबाद खंडपीठ, थेट हायकोर्टात गेलात तर परत मॅटकडेच पाठवतील. मॅटच्या निकालावर नंतर हायकोर्ट. मुदत साधारण एक वर्ष, पण वडिलांची उरलेली नोकरीच दोन वर्षं, त्यामुळे वर्ष काढत बसू नका. स्थगिती क्वचित मिळते, म्हणून अर्जात लवकर अंतिम सुनावणीची विनंती टाकायला सांगा. शासनाकडे निवेदन आजच द्या, त्यात भावना कमी आणि तारखा जास्त. आणि तीन महिन्यांचा पगार बँकेत आलाच असेल तर 'हरकतीचा हक्क राखून स्वीकारत आहे' असं एका ओळीचं पत्र ऑफिसला देऊन पोच घ्या.

इतिवृत्त हातात आलं की त्यात कारण काय लिहिलंय ते इथे टाका (नावं काढून), ते बघितल्याशिवाय यापुढे काही सांगणं म्हणजे अंदाज.