बँड लोकलमध्ये सिंक होतो, घरी आलं की बंद

प्रश्न: फिटनेस बँडवर पावलं दिसतात पण फोनच्या अ‍ॅपमध्ये येत नाहीत. घरी नुसतं कनेक्टिंग फिरत राहतं, परवा लोकलमध्ये मात्र आपोआप सगळं आलं. अँड्रॉइड फोन आहे, चार महिन्यांपूर्वी बदलला. बँड रीसेट मारू का?

रीसेट आत्ता नका मारू. परवापासूनची पावलं आणि झोप सध्या फक्त बँडच्या मेमरीत आहे, रीसेट केलात की ती गेली, परत मिळत नाही.

लोकलमध्ये झालं म्हणजे बँड आणि नवीन फोन दोन्ही ठीक आहेत, घरातच कोणीतरी बँड धरून ठेवतंय. जुना फोन अजून घरात चालू आहे का ते बघा. हे बँड साधारणपणे एका वेळी एकाच फोनला जोडलेले राहतात आणि एकदा जोडले गेले की दुसऱ्या फोनला शोधूनही सापडत नाहीत.

आमच्याकडे वर्तकनगरला अगदी हेच झालं होतं. बायकोचा जुना फोन आईला भजनं ऐकायला दिलेला, त्यात अ‍ॅप तसंच, अकाउंटही हिचंच. उपवनला चालायला गेली की सिंक व्हायचं आणि घरात शिरलं की बंद, मी दोन रविवार नुसता फोन रीस्टार्ट करत बसलो. शेवटी आईच्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं आणि मिनिटभरात बँड नवीन फोनला लागला, राहिलेली पावलंही आली.

तुम्हीही आधी जुन्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, मग नवीन फोनवर अ‍ॅप उघडून स्क्रीन खाली ओढा आणि सिंक पूर्ण होईपर्यंत अ‍ॅप बंद करू नका. डेटा आला की जुन्या फोनमधून अ‍ॅप काढून टाका. तिथे अ‍ॅपमधलं अनपेअर मात्र दाबू नका, बऱ्याच अ‍ॅपमध्ये त्याने बँड अकाउंटमधून सुटतो आणि रीसेटही होतो.

त्यानंतर अ‍ॅप उघडल्यावर सिंक होतंय पण एरवी होत नाही असं दिसलं तर तो बॅटरी सेव्हरचा प्रकार, फोन अ‍ॅपला मागे चालूच देत नाही. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीत जाऊन Unrestricted करा. कंपनीप्रमाणे नाव थोडं वेगळं असतं. अँड्रॉइड 12 किंवा पुढचं असेल तर Nearby devices ची परवानगी पण बघून घ्या, अपडेटनंतर किंवा अ‍ॅप बरेच दिवस उघडलं नाही तर कधीकधी ती गेलेली असते.

एवढं करूनही नाहीच जमलं तर, यात बँड रीसेट होऊन न आलेला डेटा जाऊ शकतो हे धरून, नवीन फोनच्या अ‍ॅपमधून बँड काढा, ब्लूटूथच्या यादीतूनही काढा, आणि परत जोडताना अ‍ॅपमधूनच जोडा. यादीतून थेट जोडला तर कनेक्टेड दिसेल पण अ‍ॅपला बँड मिळणार नाही. बँडवर टिक येईल ती दाबायला विसरू नका, काही सेकंदांत दाबली नाही तर पेअरिंग फेल होतं.