आजी म्हणते ते ताटीचे अभंग आजच्या मराठीत कसे वाचायचे?

*प्रश्न: मी बारावीत आहे, भुसावळजवळ राहतो. आजी रोज मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग म्हणते. चाल आवडते पण अर्धे शब्द कळत नाहीत. सोप्या मराठीत कसे वाचू, सुरुवात कुठून करू?*

बारावीतला आहेस म्हणून सरळ ‘तू’ म्हणतो. सुरुवात आजीच्याच अभंगापासून कर, तीही एकाच अभंगापासून. मुक्ताईचं अखेरचं ठिकाण तुमच्याच भागात. परंपरेप्रमाणे 1297 साली तापीकाठी मेहूणला ती विजेच्या लखलखाटात गुप्त झाली, तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती. म्हणजे तुझ्याच वयाची.

गोष्ट अशी सांगतात. कोणीतरी ज्ञानेश्वरांचा अपमान केला आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसले. ताटी म्हणजे कामट्यांचं किंवा काड्यांचं दार. आपल्याकडे शेतातल्या झोपडीला तुराट्यांचं लावतात ना, तसलं. त्याला ना कडी ना कुलूप, लाथ मारली तर तुटेल. तरीही चार वर्षांनी लहान असलेली बहीण बाहेर उभी राहून विनवते आहे.

योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा ॥
विश्व रागे झाले वन्हि । संते सुखे व्हावे पाणी ॥
शब्द शस्त्रे झाले क्लेश । संती मानावा उपदेश ॥
विश्वपट ब्रह्म दोरा । ताटी उघडा ज्ञानेश्वरा ॥

आधी अडणारे शब्द. ‘साही’ म्हणजे सहन करतो. मी शाळेत असताना याचा अर्थ ‘सहाही अपराध’ असा लावला होता आणि ते सहा कोणते हे बरेच दिवस शोधत बसलो होतो. ‘वन्हि’ म्हणजे आग, वनाशी त्याचा संबंध नाही. ‘रागे’, ‘संते’, ‘सुखे’ यांत शेवटचा ‘ए’ म्हणजे आपलं ‘ने’: रागाने, संताने, सुखाने. जुन्या मराठीतला हा एवढा एक ‘ए’ ओळखता आला की निम्मे अभंग आपोआप उलगडतात. ‘पट’ म्हणजे कापड.

आता माझ्या शब्दांत:

मन निवळलेला तो योगी,
लोकांच्या चुका तो सोसून घेतो.
सारं जग रागानं पेटलं,
तर संतानं खुशीनं पाणी व्हावं.
शब्दांची शस्त्रं होऊन लागली,
तरी संतानं त्यांतून शिकून घ्यावं.
जग हे कापड, ब्रह्म हा त्यातला दोरा.
ताटी उघडा, ज्ञानेश्वरा.

सोपं करताना दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला म्हणजे ‘दादा, तू शांत हो, तू पाणी हो’ असं लिहिणं. मूळ वाचून बघ, शेवटच्या हाकेपर्यंत ती ज्ञानेश्वरांना थेट काहीच सांगत नाही. योगी असा असतो, संतानं असं करावं, असं तिसऱ्याच माणसाबद्दल बोलते. रुसलेल्या मोठ्या भावाला धाकट्या बहिणीनं तोंडावर शिकवण दिली असती, तर तो आणखी चिडला असता. आणि शेवटी ‘उघड’ नाही, ‘उघडा’ म्हणते. तो मान सोप्या मराठीतही राहिला पाहिजे.

दुसरा घोळ दोऱ्याच्या ओळीचा. ‘हे तत्त्वज्ञान आहे, मुलांना जड जाईल’ म्हणून ती गाळतात नाहीतर भलतीच गुळगुळीत करतात. माझ्या मते अख्खा अभंग त्याच ओळीवर उभा आहे. राग का सोडायचा याचं कारण तिथे आहे. कापूस पिकवणाऱ्या मुलुखात हे समजावून सांगायला लागू नये. आपल्या अंगातल्या सदऱ्याची बाही आणि कॉलर एकमेकांवर रागावली तर रागवायचं कोणी कोणावर, सूत तर एकच. तरीही जड वाटलं तर ताटीच्याच अभंगांत तिनं हेच घरगुती करून सांगितलंय:

जीभ दातांनी चाविली । कोणे बत्तीशी तोडिली ॥

दातांखाली जीभ आली म्हणून कोणी बत्तीशी पाडून घेतली आहे का?

चालीबद्दलही थोडं. हा लहान अभंग आहे, साधारण आठ-आठ अक्षरांचे दोन तुकडे आणि त्यांचं यमक: वन्हि-पाणी, दोरा-ज्ञानेश्वरा. बोटांवर मोजलंस तर ‘साही अपराध जनाचा’ नऊ भरेल. ते चुकलेलं नाही, गाताना ते एक अक्षर चालीत मुरतं. माझ्या अर्थात ही लय पार गेली आहे, म्हणून तो एकदा वाचून बाजूला ठेव आणि मूळच म्हण.

‘मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी’ हाही तिचाच, पण तो सध्या राहू दे. तो कूट अभंग आहे. त्याचा सोपा अर्थ दिला की कोडंच संपतं, मजा जाते.

आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना संत बहिणाबाई समजू नकोस, आपल्याकडे हे फार होतं. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. आपल्या बहिणाबाई 1951 साली गेल्या.

आज संध्याकाळी आजी म्हणेल तेव्हा वही घेऊन बस आणि तिच्या तोंडून येईल तसं उतरवून घे. वर दिलंय त्यापेक्षा एखादा शब्द वेगळा आला तर तो खोडू नकोस, पाठभेद गाथांमध्येही आहेत. आणि तिच्या माहेरी ताटी कशाची असायची, तेही विचार.