एका वाक्याच्या नोटिशीचे मुद्दे पाडताना

प्रश्न: आमच्या वडिलोपार्जित जमिनीबद्दल पेपरात जाहीर नोटीस आली आहे. अख्खी नोटीस म्हणजे एकच वाक्य. भावंडांना समजावी म्हणून मुद्दे पाडायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

क्रियापदांपासून करा. आपण पाठवलेल्या नोटिशीचा गाभा असा आहे: “सदर मिळकत तिचे मालकांनी निर्वेध व बोजारहित असल्याचा भरवसा देऊन आमचे अशिलास कायम खरेदी देण्याचे कबूल केले असून, सदर मिळकतीवर कोणाचाही गहाण, दान, वारसा, पोटगी अथवा अन्य कोणताही हक्क असल्यास त्यांनी ही नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून 14 दिवसांचे आत कागदपत्रांसह लेखी हरकत आमचेकडे नोंदवावी, अन्यथा तसा कोणाचाही हक्क नाही व असल्यास तो त्यांनी सोडून दिला आहे असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.”

यातल्या प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि ते कोण करतो ते बाजूला लिहा. भरवसा मालकांनी दिला, कबूलही त्यांनीच केले. हरकत हक्क सांगणाऱ्याने नोंदवायची आहे. ‘समजून’ चालणार आहे तो खरेदीदार. एवढे झाले की मुद्दे आपोआप सुटे होतात:

1. मालकांनी ही मिळकत आमच्या अशिलास कायम खरेदी देण्याचे कबूल केले आहे.
2. ती निर्वेध व बोजारहित असल्याचा भरवसा मालकांनी दिला आहे.
3. मिळकतीवर कोणाचाही गहाण, दान, वारसा, पोटगी अथवा अन्य कोणताही हक्क असल्यास त्यांनी आमच्याकडे हरकत नोंदवावी.
4. हरकत लेखी हवी, सोबत कागदपत्रे हवीत आणि ती नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून 14 दिवसांच्या आत हवी. या तिन्ही गोष्टी लागतील.
5. मुद्दा 4 प्रमाणे हरकत न आल्यास, कोणाचाही हक्क नाही व असल्यास तो सोडून दिला आहे असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.

दुसऱ्या मुद्द्यात “मिळकत निर्वेध आहे” असे लिहिले असते, तर मालकाचा शब्द वस्तुस्थिती होऊन बसला असता. पाचव्यात तर बहुतेक जण “14 दिवसांनी हक्क संपेल” असे लिहून मोकळे होतात. नोटीस तसे म्हणत नाही. खरेदीदार काय धरून चालणार, एवढेच ती सांगते, आणि वकिलाने पेपरात नोटीस दिली म्हणून कुणाचा वारसाहक्क आपोआप जात नाही. आपल्या बहिणींनी “संपेल” वाचले तर पंधराव्या दिवशी त्या कागद मिटवून ठेवतील. हरकत मात्र मुदतीतच द्या. उशीर झाला तर भांडण अवघड होते.

प्रश्न: “गहाण, दान, वारसा, पोटगी…” ही लांबण काढून नुसते “कोणताही हक्क” लिहिले तर चालेल ना?

नको. वाचणारा त्या यादीत स्वतःला शोधत असतो. पोटगीचा हक्क असलेल्या बाईला “कोणताही हक्क” म्हणजे आपलाही, हे कळेलच असे नाही. यादी तशीच ठेवा आणि शेवटचे “अथवा अन्य” गाळू नका, नाहीतर यादी तिथेच बंद होते. ‘सदर’, ‘तिचे’, ‘आमचेकडे’ हे खुशाल सोपे करा.

प्रश्न: थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी बँकेने सरफेसी कायद्याखाली पाठवलेली नोटीस आहे. मी मुद्दे केले: “1. 60 दिवसांत पैसे भरा. 2. तारण विकू नका.” दुकानदार मित्र म्हणतो, दुसरा मुद्दा चुकला. बरोबर आहे का?

मित्राचे बरोबर आहे. त्या कायद्याच्या कलम 13(13) प्रमाणे ही नोटीस मिळाल्यावर कर्जदाराला नोटिशीत नमूद केलेले तारण बँकेच्या पूर्वलेखी संमतीशिवाय विक्री, भाडेपट्टा किंवा अन्य मार्गाने हस्तांतरित करता येत नाही. पण धंद्यातला नेहमीचा व्यवहार याला अपवाद आहे. दुकानातला माल तारण असेल, तर आपला मुद्दा वाचून दुकानदार गल्ल्यावरची रोजची विक्रीही थांबवेल. बंदी, संमती आणि अपवाद एकाच क्रमांकाखाली ठेवा. अपवादाला वेगळा क्रमांक दिला की घाईत वाचणारा तो सोडून देतो.

पहिल्या मुद्द्यातही दिवस कुठून मोजायचे ते राहिले आहे. कलम 13(2) मध्ये 60 दिवस नोटिशीच्या तारखेपासून मोजतात. चेक न वटल्याच्या कलम 138 च्या नोटिशीत पैसे भरायचे 15 दिवस मात्र नोटीस मिळाल्यापासून धरतात. म्हणून आकडा आणि “कधीपासून” एकाच ओळीत लिहा.

प्रश्न: मूळ नोटिशीतच परिच्छेदांना क्रमांक आहेत. माझे क्रमांक वेगळे झाले तर?

घोटाळा होईल. उत्तर देताना वकील “परिच्छेद 4 मधील मजकूर नाकबूल” असे लिहितात. तो 4 मूळ नोटिशीतला असतो. त्याचे तुकडे केलेत तर 4अ, 4आ असे लिहा. शेवटी मूळ नोटीस समोर घेऊन आपल्या मुद्द्यांत आलेला प्रत्येक शब्दसमूह खोडत जा. न खोडलेले ‘परंतु’, ‘वगळून’, ‘अधीन राहून’ उरले असेल, तर तो मुद्दा पुन्हा लिहावा लागेल.